गाळा नंतर बघू, आधी गच्चीवरचा कूलर

*"मी ३८ वर्षांचा. आयटीआयमधून वायरमन झालो आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं मेंटेनन्सला होतो. कंपनीनं युनिट हलवलं, तेव्हापासून घरीच आहे. हातात तीन लाख आहेत. मानेवाडा रोडला एक गाळा बघितलाय. मोबाइल, मिक्सर, फ्रिज, कूलर, सोफा, खुर्च्या, जे येईल ते दुरुस्त करून द्यायचं असं मनात आहे. बायको म्हणते, दुकान असल्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत. मेहुणा म्हणतो, आता दुरुस्त कोण करतं, सगळे नवीनच घेतात. गाळ्याचं डिपॉझिट याच महिन्यात द्यायचं आहे. काय करू?"*
*– एक वाचक, नागपूर*

डिपॉझिट या महिन्यात देऊ नका. का, ते पुढे हिशेबात दिसेलच. आधी मेहुण्याच्या म्हणण्याकडे बघू, कारण धंद्याचं उत्तर तिथेच दडलंय.

लोक नवीन घेतात हे खरं आहे, पण कधी घेतात ते बघा. एप्रिलच्या शेवटी कूलरचा पंप बंद पडतो. मिस्त्री "उद्या येतो" म्हणतो, परवा येतो, आणि खर्च विचारला तर "उघडल्यावर सांगतो" म्हणतो. पारा ४४ वर आणि घरात म्हातारी माणसं, अशा वेळी तिसऱ्या रात्री माणूस दुकानात जाऊन नवा कूलर घेऊन येतो. त्याला दुरुस्ती नको होती असं नाही. किती लागतील आणि कधी मिळेल, हे सांगणारं कुणी नव्हतं. ही दोन उत्तरं आधीच देऊ शकाल अशी वस्तू निवडली, तर मेहुण्याचा मुद्दा उरत नाही. "जे येईल ते" म्हटलं की मात्र दोन्ही उत्तरं देता येत नाहीत, कारण प्रत्येक वस्तू तुमच्यासाठी नवं कोडं असते.

तुमच्या हाताला आणि नागपूरच्या हवेला जमेल अशी वस्तू म्हणजे लोखंडी पत्र्याचा डेझर्ट कूलर. त्याची मोटर, कपॅसिटर, पंप, फ्लोट, ताट्या, सगळं ठरावीक मापाचं असतं आणि कंपनीचं नाव न विचारता बाजारात मिळतं. प्लॅस्टिकच्या कूलरचं तसं नाही. त्याची जाळी किंवा सर्किट त्याच मॉडेलचं लागतं आणि बॉडीला तडा गेला की तो टिकाऊ जोडता येत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष लोखंडी कूलरचंच ठेवा. प्लॅस्टिकचा आला तर फक्त पंप, मोटर आणि ताट्या बघा.

आता वेळेचं गणित. कूलरचं पूर्ण काम एका दिवसात होत नाही, कारण रंग वाळायला वेळ लागतो. मे महिन्यात चार-पाच दिवस कूलर सोडायला कुणी तयार होणार नाही. म्हणून दोन वेगळी कामं ठरवा आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पूर्ण नूतनीकरण. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत फक्त त्याच दिवशी संपणारं काम: पंप, कपॅसिटर, फ्लोट, ताट्या. मे महिन्यात कुणी "टाकीही रंगवून द्या" म्हणालं, तर पुढच्या जानेवारीची तारीख द्या.

पूर्ण कामाची सुरुवात टाकीपासून करा, कारण कूलर जगणार की नाही ते तिथे ठरतं. प्लग काढून ठेवा, टाकी रिकामी करा आणि तळाच्या कोपऱ्यांत व शिवणींवर पेचकसाचं टोक दाबत फिरवा. टोक कुठेच आत जात नसेल तर पत्रा शाबूत आहे. दोन-चार ठिकाणी सुईएवढी भोकं असतील तर आजूबाजूचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून दोन कांड्यांची एपॉक्सी पुट्टी आतून-बाहेरून दाबा. तळहाताएवढा भाग मऊ लागला तर पुट्टीवर विसंबू नका; तळाला नवा पत्रा रिव्हेटनं बसवून सांधा सील करावा लागेल. तिथे वेल्डिंगचा मोह टाळा. पातळ पत्रा जळतो आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा धूर छातीला वाईट असतो.

गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण उतरवा. हे सांगायला सोपं, पण बहुतेक कूलर इथेच फसतात. सुटलेल्या गंजावर प्रायमर मारला तर पहिल्या महिन्यात पापुद्रे सुटतात, पंपाच्या जाळीत अडकतात आणि ग्राहक "पंप खराब दिला" म्हणत परत येतो. घासल्यावर कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, रात्रभर वाळू द्या. मग आतून काळा डांबरी रंग, एक दिवसाच्या अंतरानं दोन हात. शेवटच्या हातानंतर तीन दिवस पाणी भरू नका. वरून कोरडा वाटणारा रंग आतून ओला असतो आणि तशा टाकीतल्या पाण्याला वास येतो. हा रंग बंद खोलीत मारू नका.

पाण्याच्या क्षाराचं सांगतो. ज्या घरी बोअरचं पाणी कूलरमध्ये जातं, तिथे वरची पाणी वाटणारी नळी पांढऱ्या थरानं भरलेली असते. तिची भोकं बुजली की ताटीवर कोरडे उभे पट्टे राहतात आणि त्या पट्ट्यांमधून बाहेरची गरम हवा जशीच्या तशी आत येते. "कूलर थंड करत नाही" या तक्रारीत हे कारण फार वेळा असतं. नळी आणि पंपाचं खालचं झाकण बाहेर काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवा, लिटरला साधारण ५० ग्रॅम, तासभर. टाकीत मात्र ते ओतू नका आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, कारण ते पत्र्यावरचं जस्तच खाऊन टाकतं.

वूडवूलच्या ताट्या दरवर्षी नव्या घ्या. जुन्या ताटीत गवत खाली बसतं, वर दोन-तीन बोटं फट पडते आणि हवा सोपा रस्ता धरून त्या फटीतूनच आत येते. नवी ताटी बसवताना वरच्या कडेला भर जास्त द्या. पण फार दाबूनही भरू नका. हवा अडली की पंखा नुसता आवाज करतो. बसवल्यावर पंखा न लावता अर्धा तास फक्त पंप चालवा आणि ते पहिलं लालसर पाणी टाकून द्या. पहिल्या दिवशीच्या वासाच्या तक्रारी यानं संपतात.

मोटर आणि पंप तुमच्याच क्षेत्रातले, म्हणून थोडक्यात. ढकलल्यावरच फिरणारा पंखा म्हणजे बहुधा उतरलेला कपॅसिटर. त्यावर छापलेला आकडा आणि मीटरचं माप ताडून बघा. दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर बदला, पण त्याच आकड्याचा टाका. "स्पीड वाढेल" म्हणून मोठा कपॅसिटर टाकणारे भेटतील. त्यानं वाइंडिंग तापतं आणि मोटर हंगामातच जळते. कपॅसिटर बरोबर असूनही पंखा मंद असेल तर शाफ्ट हातानं हलवून बघा. बाजूला खेळ असेल तर बुश गेलाय. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमधलं माप एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती मोटर लावायची नाही, पण लगेच भंगारातही टाकायची नाही. गच्चीवर पावसाळा काढलेली मोटर दमट असते. दिवसभर उन्हात ठेवून पुन्हा मोजा. माप वर आलं नाही तर वाइंडिंग नव्यानं करा. पंपाचं उलट आहे. क्षारानं अडकला असेल तर झाकण काढून चुंबकाचा रोटर धुवा आणि चालवा. केबल कापलेली असेल किंवा बॉडी चिरली असेल तर पाण्यातल्या वस्तूला टेप लावत बसू नका, नवाच टाका.

आणि अर्थिंग. कूलर म्हणजे ओली फरशी, लोखंडी बॉडी आणि अनवाणी माणूस. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. तुमच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कूलरला तीन पिनांचा प्लग हवा आणि अर्थची वायर रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर नट-बोल्टनं कसलेली हवी. पिनेपासून बॉडीपर्यंतचा रोध मीटरवर एक ओहमच्या आत यायला हवा. मग घरचा सॉकेट तपासा. अर्थच्या भोकात मागून वायरच नाही, अशी घरं तुम्हाला भरपूर सापडतील. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून तो फेज-न्यूट्रलइतकाच पेटतो का ते बघा. घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी असेल तर ती पडेल, आणि ते चांगलंच लक्षण. इतर वाचकांनी ही चाचणी स्वतः करू नये, वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थ नसेल तर कूलर जोडून देऊ नका, ग्राहक कितीही म्हणाला तरी. तो सॉकेट दुरुस्त करणं हे तुमचं वेगळं काम आणि वेगळं बिल.

पत्नीचा विश्वासाचा मुद्दा खरा आहे, पण तो गाळ्यानं सुटेलच असं नाही. विश्वासासाठी ग्राहकाला दाखवता येईल असा आकडा द्या. दोन साधे थर्मामीटर घ्या आणि एकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळा. दोन्ही ताटीच्या मागे, सावलीत, वाऱ्यात धरा. कोरड्यावर बाहेरचं तापमान कळतं. ओल्यावर कळतं की आजच्या हवेत कूलर जास्तीत जास्त कुठवर उतरू शकतो. मग कोरडा थर्मामीटर कूलरच्या तोंडाशी धरा. समजा बाहेर ४०, ओला २२ आणि तोंडाशी ३२ आलं. उतरण्याजोगे १८ अंश होते, उतरले ८, म्हणजे ४४ टक्के. नव्या ताट्या आणि मोकळ्या नळीनंतर त्याच हवेत तोंडाशी २७ आलं तर १३ अंश उतरले, म्हणजे ७२ टक्के. हे दोन आकडे कार्डावर लिहून ग्राहकाला द्या. नव्या ताट्या लावूनही ६० च्या खाली राहिलात तर पैसे घेण्याआधी कोरडे पट्टे, वरची फट आणि पंख्याचा वेग पुन्हा बघा.

आकडा चांगला असूनही खोली थंड होत नसेल तर समोरची खिडकी बंद असणार. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात चिकचिक होते. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांनाही सांगता येईल: एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता ओढतं, ती एक किलो बर्फ वितळताना घेतो त्याच्या सुमारे सातपट असते. बर्फापेक्षा ताटी भिजलेली असणं महत्त्वाचं.

आता गाळ्याचा हिशेब. भाव मी धरून चालतो आहे; तुम्ही इतवारीत विचारून आकडे बदला, पद्धत तीच राहील. तीन फुटी लोखंडी कूलर, पत्रा शाबूत, मोटर चालू. तीन बाजूंच्या ताट्या ३००, पंप ३५०, कपॅसिटर ६०, प्रायमर आणि रंग २५०, फ्लोट ८०, वायर-प्लग १५०. झाले १,१९० रुपये. ग्राहकाला तुम्ही २,४०० सांगितले, तर १,२१० उरले. काम सगळं मिळून साडेचार तासांचं, म्हणजे तासाला २७० च्या आसपास, पेट्रोल वजा व्हायचं आहे. आता हाच कूलर गाळ्यावर आणायचा असेल तर छोटा हत्ती येता-जाता ६०० घेईल असं धरा. उरले ६१०, तासाला १३५. भाडं अजून धरलेलंच नाही. आणि पाच दिवस वाळत पडलेले दहा-बारा कूलर त्या गाळ्यात मावणार कुठे?

पण जानेवारीत कूलर असतो कुठे? ग्राहकाच्या गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली, ऊन लागणाऱ्या मोकळ्या जागी. रंग वाळवायला तीच जागा उत्तम. तिथेच तीन फेऱ्यांत काम करा. पहिल्या फेरीत घासणं आणि प्रायमर, मोटर आणि पंप काढून घरच्या टेबलावर न्या. पुढचे दोन दिवस रंगाचा एकेक हात. दोन्ही वेळा अर्धा तासही लागत नाही, म्हणून ती एकच फेरी धरतो. वाळल्यावर शेवटची फेरी: जोडणी आणि थर्मामीटर. हे परवडायचं असेल तर काम वस्तीनं घ्या. आठवडाभर नरेंद्र नगर, पुढचा त्रिमूर्ती नगर, मग बेसा. एकाच फ्लॅट स्कीममध्ये चार कूलर मिळाले तर फेऱ्यांचा खर्च चौघांत वाटला जातो. एकट्या लांबच्या कूलरला फेरीचे पैसे वेगळे सांगा किंवा नम्रपणे नाही म्हणा.

आठवड्याला आठ कूलर धरले तर दहा आठवड्यांत ऐंशी, म्हणजे मजुरीचे सुमारे ९७ हजार. वर्षाची कमाई ही नव्हे, आणि मी तशी भासवणारही नाही. त्यात उन्हाळ्यातली एकेक तासाची कामं मिळवा, आणि एक काम जे फारसं कुणी विकत नाही: पाऊस लागल्यावरची बंद करण्याची फेरी. टाकी रिकामी करणं, आतल्या भिंती ब्रशनं घासणं, ताट्या काढून टाकणं, सुकवून झाकणं. तळात राहिलेल्या पाण्यानंच पत्रा सडतो, आणि डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडीही तग धरतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. मनपाचे कर्मचारी कूलर तपासायला येतात हे लोकांना माहीत आहे, त्यामुळे हे काम समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. जानेवारीचं बुकिंग याच फेरीत घ्या.

नकार कधी द्यायचा हेही ठरवून ठेवा. दुरुस्तीचा आकडा तशाच नव्या कूलरच्या निम्म्याच्या वर गेला की ग्राहकाला स्पष्ट सांगा की नवा घ्या. तळ सडलेला, मोटर जळलेली आणि पंपही नाही, असा कूलर त्या रेषेपलीकडे जातो. तपासणीचे ठरलेले पैसे घ्या आणि निघा. हमी द्यायची ती तुम्ही बदललेल्या भागांची, १५ जूनपर्यंत. कोरड्या टाकीत चालून जळालेला पंप त्यात येणार नाही, हे कार्डावर आधीच लिहा.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मिक्सर, छताचे पंखे, नोव्हेंबरपासून गिझर, ही कामं तुमच्याच हत्यारांत बसतात आणि रिकामे महिने भरतात. मोबाइलसाठी सीताबर्डीशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही, शिवाय ते कौशल्यच वेगळं. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि गॅस शिकल्याशिवाय हातात घेऊ नका. नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा असतो. फर्निचरला जागा लागते, आणि लाखेचं पॉलिश पावसाळी दमट हवेत पांढरं पडतं. सोफा-खुर्च्यांची गिऱ्हाइकं ओळखीच्या सुताराकडे पाठवा, तो तुमच्याकडे कूलर पाठवेल.

तीन लाखांतून मेगर, चांगला मीटर, ड्रिल, रिव्हेट गन, थर्मामीटर आणि दहा कूलरचे सुटे भाग एवढंच घ्या. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून टाका; सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. उरलेले पैसे बँकेत राहू द्या. गाळ्याचा विषय जुलैत काढा, कार्डांचा गठ्ठा समोर घेऊन. दहातला एकापेक्षा जास्त कूलर तक्रारीनं परत आला असेल, तर गाळ्याआधी तक्रारींची कारणं कागदावर मांडा. बहुतेक ती एकाच जागी सापडतील: घाईत घासलेली टाकी.